थंडीतील लिथियम प्लेटिंग

लिथियम-आयन सेल फार थंड असताना चार्ज केला, तर लिथियम ऋण इलेक्ट्रोडमधल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. यालाच लिथियम प्लेटिंग म्हणतात. थंडीत इलेक्ट्रिक गाडीची रेंज घटते ती मुख्यतः वेगळ्या कारणांनी, आणि ती घट ऊब येताच भरून निघते. प्लेटिंगने झालेली हानी मात्र बरीचशी कायमची असते.

पूर्ण चार्ज होत आलेल्या ग्रॅफाइटचे विभव लिथियम धातूपेक्षा जेमतेम ८५ मिलिव्होल्टने वर असते. चार्जिंगचा प्रवाह सुरू झाला की रोधामुळे ते खाली ओढले जाते आणि शून्याखाली गेले की धातू साचू शकतो. समजा, ग्रॅफाइटच्या बाजूचा रोध उबदार सेलमध्ये १० मिलिओहम आहे. ५ अँपिअरला विभव ५० मिलिव्होल्टने उतरेल, म्हणजे ३५ शिल्लक राहतील. थंडीत हाच रोध चौपट झाला, तर उतार २०० मिलिव्होल्टचा होईल आणि मर्यादा केव्हाच ओलांडली जाईल. रोध वाढतो कारण आयन वाहून नेणारा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, घट्ट होतो, आयनाला भोवतीचे द्रावक रेणू सोडणे जड जाते आणि ग्रॅफाइटच्या आतही तो सावकाश सरकतो. म्हणूनच बहुतेक सेलना ० अंशाखाली चार्जिंगची मनाई असते, पण −२० अंशांपर्यंत वापरता येते: डिस्चार्ज होताना ग्रॅफाइटचे विभव वर जाते, खाली नाही.

प्लेटिंग झाल्याची खूण चार्जिंग थांबल्यावर दिसते. एरवी व्होल्टेज सलग उतरत जाते. साचलेले लिथियम परत विरघळत असताना मात्र उताराच्या मध्येच एक छोटी पायरी येते. सगळे लिथियम परत येत नाही. काही तुकडे ग्रॅफाइटपासून तुटून निकामी होतात, काही इलेक्ट्रोलाइटशी संयोग पावतात आणि क्षमता कायमची कमी होते. सुईसारखे वाढलेले लिथियम विभाजक पडदा भेदून आत शॉर्टसर्किटही करू शकते.

रेंजची गोष्ट निराळी. रोधामुळे भाराखाली व्होल्टेज लवकर कोसळते आणि सेलमध्ये ऊर्जा उरलेली असतानाच बॅटरी नियंत्रक पुरवठा थांबवतो. प्लेटिंग टाळण्यासाठी तो ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही रोखतो. शिवाय हीटर आहेच. ६० किलोवॅट-तासांची गाडी १०० किलोमीटरला १५ किलोवॅट-तास खात असेल, तर ती ४०० किलोमीटर जाते. ३ किलोवॅटचा हीटर सतत चालू ठेवून ताशी ५० किलोमीटरने गेल्यास दर १०० किलोमीटरला आणखी ६ किलोवॅट-तास लागतात आणि रेंज सुमारे २८५ वर येते. ताशी १०० ला हीटरचा वाटा निम्माच, कारण तो तासावर चालतो, अंतरावर नाही; अर्थात त्या वेगाला हवेचा विरोध वाढतो, तो खर्च वेगळा.

त्यामुळे थंडीत चार्जिंग प्रवास संपताच, सेल उबदार असताना लावावे. रात्रभर गारठलेली बॅटरी असेल, तर गाडी चार्जरला जोडून आधी बॅटरी तापवू द्यावी. सुरुवातीला चार्जिंगचा वेग कमी दिसला, तर तो दोष नव्हे. नियंत्रक मुद्दामच प्रवाह आवरून धरत असतो.