यादी नसलेल्या वस्तीचे सर्वेक्षण: नकाशावर चौकोन पाडून नमुना कसा निवडायचा आणि परवानगीसाठी काय लागते

सर्वेक्षण म्हटले की पहिला प्रश्न असतो, यादी कुठली घेणार? मतदार यादी, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, अंगणवाडीचे रजिस्टर, यांपैकी काहीतरी मिळते. साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामात उतरलेल्या ऊसतोड कुटुंबांची मात्र अशी एकही यादी नसते. त्यांची नावे मूळ गावच्या मतदार यादीत असतात. मुकादमाच्या वहीत उचल घेतलेल्या कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांची, नावे असतात, पण मुले आणि म्हातारी माणसे नसतात. शिवाय अशा वह्या प्रत्येक मुकादमाकडे वेगवेगळ्या. समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि संस्था यांना अशा वेळी यादीऐवजी जमिनीतूनच नमुना काढता येतो. पुढील माहिती संस्थेच्या नैतिक समितीकडे अशा सर्वेक्षणाचा प्रस्ताव देणाऱ्यांसाठी आहे.

ही पद्धत कधी चालते

दोन अटी आहेत. घरांची यादी नाही किंवा जी आहे ती अपुरी आहे, हे प्रस्तावात कारणांसह दाखवता आले पाहिजे. आणि सर्वेक्षणाच्या क्षेत्राची हद्द नकाशावर ठाम आखता आली पाहिजे. 'कारखान्याच्या आसपासचा भाग' असे लिहून भागत नाही. निवडलेल्या प्रत्येक चौकोनात माणूस पायी पोहोचू शकेल, हेही आधी पाहून घ्यावे.

यादी मिळत असेल तर ही पद्धत वापरू नये. ती महाग पडते, कारण रिकाम्या रानातही माणूस पाठवावा लागतो.

कुटुंब कोणाला म्हणायचे हे प्रस्तावातच ठरवावे लागते. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या इथे उपयोगी पडते. कोयता म्हणजे कुटुंब नव्हे. दोन भाऊ आपापल्या बायकांसह दोन कोयते म्हणून नोंदलेले असतात, पण चूल एकच असेल तर कुटुंब एकच. आणि आदल्या रात्री जिथे मुक्काम होता तिथेच त्या कुटुंबाची गणना करायची, कारण फड संपला की टोळी कोप्या, म्हणजे आपल्या तात्पुरत्या झोपड्या, मोडून पुढे जाते.

चौकोन कसे पाडायचे

QGIS मध्ये Vector → Research Tools → Create Grid हा पर्याय आहे. त्याआधी नकाशाची प्रक्षेपण पद्धत मीटरमध्ये असलेली निवडावी. पश्चिम महाराष्ट्रासाठी `EPSG:32643` चालते. `EPSG:4326` वर काम केले तर एकक अंशांत असते, आणि २०० हा आकडा टाकला की सॉफ्टवेअर त्याला दोनशे अंश समजते.

समजा क्षेत्र ६ किलोमीटर बाय ४ किलोमीटर आहे. २०० मीटर बाजूचे चौकोन पाडले तर ३० गुणिले २०, म्हणजे ६०० चौकोन होतात. त्यांतून सरसकट चिठ्ठ्या काढल्या तर बहुतेक चिठ्ठ्या उभ्या उसात नाहीतर विहिरीच्या काठावर निघतील. म्हणून आधी चौकोनांचे थर करायचे. उपग्रह छायाचित्रात कोप्या दिसतात किंवा कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि चिटबॉय जिथे गाडीतळ असल्याचे सांगतात, ते चौकोन थर 'अ'. ऊस तुटलेली रानं, कॅनॉल, रस्त्याकडेची मोकळी जागा असलेले थर 'ब'. बाकीचे 'क'.

इथे छायाचित्राची तारीख पाहायलाच हवी. Google Earth वर दिसणारे चित्र पावसाळ्यातले असेल तर त्यात एकही कोपी नसणार. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे दर काही दिवसांनी मिळतात, पण त्यांतला एक ठिपका १० मीटरचा असतो. त्यात कोपी दिसत नाही, तुटलेले रान मात्र स्पष्ट ओळखू येते. थर 'ब' ठरवायला तेवढे पुरते.

आपल्या उदाहरणात 'अ' मध्ये ६०, 'ब' मध्ये २४० आणि 'क' मध्ये ३०० चौकोन आले असे धरू. 'अ' मधून १५, 'ब' मधून १२ आणि 'क' मधून ६ निवडायचे. निवड संगणकाने करावी आणि ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून संगणक चिठ्ठ्या काढतो तो, म्हणजे बीज (seed), प्रस्तावात छापावा, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच निवड पुन्हा काढून तपासता येईल.

```r
set.seed(2611)
sample(grid$id[grid$cls == "A"], 15)
sample(grid$id[grid$cls == "B"], 12)
sample(grid$id[grid$cls == "C"], 6)
```

'क' मध्ये काहीच नाही असे वाटते, मग तिथे कशाला जायचे, हा प्रश्न समितीतही विचारला जातो. उत्तर असे, की ज्या चौकोनाची निवड होण्याची शक्यता शून्य ठेवली, तिथल्या कुटुंबाला सर्वेक्षणात शिरायला वाटच राहत नाही. आणि एकट्यादुकट्या कोप्या तर अशाच जागी असतात.

जागेवर गेल्यावर

निवडलेल्या चौकोनातली प्रत्येक चूल आधी मोजायची, मुलाखती नंतर. कोपी चौकोनाच्या रेषेवर असेल तर तिचे दार ज्या बाजूला, त्या चौकोनात ती धरायची. दारही नेमके रेषेवर आले तर पूर्वेचा किंवा उत्तरेचा चौकोन, असा एकच नियम सगळ्यांना द्यावा. ही बारीक बाब नाही. मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतो, आणि २०० मीटरच्या चौकोनात रेषेपासून आत १० मीटरचा पट्टा एकूण जमिनीच्या १९ टक्के भरतो. म्हणून छापील नकाशावर बांध, डीपी, विहीर अशा खुणा हव्यात आणि रेषेजवळचा निर्णय त्या पाहून घ्यावा.

चौकोन रिकामा निघाला तर 'शून्य' लिहून परत यायचे. शेजारच्या चौकोनात शिरून फॉर्म भरून आणणे हा या कामातला सर्वांत जास्त आढळणारा घोळ आहे, आणि तो करणाऱ्याला वाटते की आपण काम वाचवले. घोळ ओळखण्याची खूण सोपी: 'क' थरातून एकही शून्य आले नाही तर संशय घ्यावा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर जीपीएससह फोटो मागितले की हा प्रकार बहुतेक थांबतो.

चौकोनात खूप कोप्या असतील, समजा नव्वद, तर मोजणी झाल्यावर क्रमाने दर तिसरी घ्यायची. पहिली कोणती हे एक ते तीनमधून चिठ्ठी काढून ठरवावे. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण पाहणीत तीस गट आणि प्रत्येकी सात मुले घ्यायचे. गावाच्या मध्यभागी बाटली किंवा पेन फिरवायचे, ते दाखवील त्या दिशेने एक घर निवडायचे आणि मग शेजारची घरे घेत जायचे. त्यात कुठल्या घराची निवड होण्याची शक्यता किती होती हे सांगताच येत नसे, आणि संघटनेच्या नव्या पुस्तिकेत ही पद्धत सोडून दिली आहे.

टोळ्या पहाटे फडावर निघतात. दुपारी कोपीवर लहान मुले आणि एखादी म्हातारी एवढीच भेटतात. म्हणून निदान तीन फेऱ्या, वेगवेगळ्या वेळी, आणि एक तरी संध्याकाळी. तरीही कोणी भेटले नाही तर ती कोपी 'बंद' म्हणून नोंदीत राहते, वगळायची नाही. सगळ्या चौकोनांची मोजणी आठवड्याभरात उरकावी, नाहीतर हललेली टोळी दोनदा मोजली जाते.

परवानगीचे कागद

नैतिक समितीकडे द्यायच्या प्रस्तावात क्षेत्राचा नकाशा, थरांचे निकष, निवडीचा कोड, मराठीतली प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र लागते. टोळी बंजारा किंवा अन्य भाषा बोलणारी असेल तर त्या भाषेतही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अल्पवयीनांना प्रश्न विचारायचे असतील तर पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची मान्यताही घ्यावी लागते. सही न येणाऱ्याचा अंगठा घेताना सर्वेक्षणाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा.

हा साक्षीदार मुकादम असता कामा नये. कुटुंब त्याच्या उचलीत अडकलेले असते, त्याच्यासमोर 'नाही' म्हणणे कठीण. मुकादम, कारखाना, ग्रामपंचायत आणि ज्याच्या रानात कोप्या आहेत तो शेतकरी, यांना पत्र देऊन कळवायचे, पण संमती त्या त्या माणसाचीच. कोप्यांचे जीपीएस ठिकाण कुठेही छापणार नाही, हे प्रस्तावात लिहून द्यावे.

हिशेब

उदाहरण पुढे नेऊ. 'अ' च्या १५ चौकोनांत १८० कुटुंबे मिळाली, त्यांपैकी ४५ जणांकडे पिण्याच्या पाण्याची सोय नाही. गाडीतळावर टँकर येतो, म्हणून आकडा कमी. 'ब' मध्ये १८ पैकी १५ आणि 'क' मध्ये सापडलेल्या एकमेव कुटुंबाकडे सोय नाही. नुसती बेरीज केली तर १९९ पैकी ६१, म्हणजे ३१ टक्के.

हे उत्तर चुकीचे आहे. 'अ' मध्ये चारांतून एक चौकोन निवडला, म्हणून तिथल्या प्रत्येक कुटुंबाचा भार ४. 'ब' मध्ये वीसांतून एक, भार २०. 'क' मध्ये पन्नासांतून एक, भार ५०. आता एकूण कुटुंबांचा अंदाज ७२० अधिक ३६० अधिक ५०, म्हणजे ११३०, आणि पाण्याविना १८० अधिक ३०० अधिक ५०, म्हणजे ५३०. टक्केवारी ४७. जिथे दर तिसरी कोपी घेतली असेल तिथे भार आणखी तिनाने गुणायचा.

थर 'ब' मधला एखादा चौकोन जागेवर कोप्यांनी भरलेला निघाला, तर तो नंतर 'अ' मध्ये टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. निवड झाली तेव्हाचा थर कायम राहतो, भारही वीसच.

'क' मधले ते एक कुटुंब अहवालात पन्नास कुटुंबांच्या वतीने बोलते, आणि ते सापडले नसते तर तो भाग शून्य झाला असता. म्हणून थरनिहाय कुटुंबांची प्रत्यक्ष संख्या टक्केवारीशेजारीच छापावी आणि चूक-मर्यादा चौकोन हे एकक धरून काढावी, कुटुंब धरून नव्हे. एका तळावरची कुटुंबे एकाच टँकरचे पाणी पितात, त्यामुळे तिथल्या शंभर मुलाखतींतून शंभर स्वतंत्र उत्तरे मिळत नाहीत. मनुष्यबळ वाढवता आले तर एका चौकोनातल्या मुलाखती कमी करून 'ब' आणि 'क' चे चौकोन वाढवावेत, आणि तसा बदल काम सुरू होण्याआधी समितीला लेखी कळवावा.