खानदेशची रुई, ढाक्याचा शर्ट

जळगावच्या जिनिंगमध्ये कापूस रोलरवरून जातो, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि प्रेसमधून १७० किलोची गाठ बाहेर येते. अशा एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. तिच्या सुतात ढोबळमानाने पाचशे शर्ट होतात. आपल्या भागातली काही रुई बांगलादेशातही जाते. तो देश कापूस फारसा पिकवत नाही, तरी जगाचे शर्ट शिवतो. हे कसं झालं, याचं उत्तर कोट्यात आहे.

१९७४ च्या बहुतंतू करारानुसार अमेरिका आणि युरोप कुठल्या देशातून कुठला कपडा किती घ्यायचा, याची मर्यादा, म्हणजे कोटा, ठरवत. श्रीमंत देशांतल्या गिरण्या वाचाव्यात, हा हेतू. पण दक्षिण कोरियाचा कोटा भरला की तिथल्या व्यापाऱ्याला कोटा नसलेला देश शोधावा लागे. ढाक्याच्या नुरुल कादेर यांच्या देश गारमेंट्सने १९७८ मध्ये कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. १३० जण बुसानला शिकायला गेले आणि १९८० मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत त्यांतले ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेले. कुणी दुसऱ्या कारखान्यांत लागले, कुणी स्वतःचे काढले. माझ्या मते खरी निर्यात झाली ती या शिकलेल्या हातांची. १९८५ मध्ये अमेरिकेने बांगलादेशावरही कोटा लादला, तोवर धंद्याने मूळ धरलं होतं.

शिवणकाम असं दुसऱ्या देशांत हललं, कारण मऊ कापड यंत्राला नीट धरता येत नाही. प्रत्येक शिवणीला माणूस लागतो आणि शिलाई मशीन कुठेही नेता येतं.

कोट्याने जुनी गावंही वाचली नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातलं कॅनापोलिस एकाच मालकाच्या टॉवेल-चादरींच्या गिरणीभोवती वसलं होतं. ३० जुलै २००३ रोजी तिथली कंपनी बंद झाली आणि त्या परिसरातल्या चार हजारांहून जास्त लोकांचं काम एका दिवसात गेलं. २००५ मध्ये कोटा पूर्ण उठला.

हे वाचताना अमळनेर आठवल्याशिवाय राहत नाही. प्रतापशेठांनी १९०६ मध्ये काढलेल्या गिरणीच्या भोंग्यावर तिथली घरं चालत. पण आपल्या गिरण्या ढाक्याने बुडवल्या, असं म्हणणं चूक ठरेल. त्यांची जुनी यंत्रं धुळे-मालेगावच्या यंत्रमागांच्या स्वस्त कापडापुढे आधीच मागे पडली होती. ढाक्याचा संबंध पुढच्या टप्प्याशी आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा खानदेशचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून लँकेशायरला जाई. मधे काही दशकं त्याचं सूत आणि कापड इथेच होत होतं. आता गाठ पुन्हा ट्रकवर चढते.