मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्या : हिशेब आणि कायदा

टायग्रिस व युफ्रेटीस नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, लेखनाची सुरुवात हिशेबातून झाली. आधी मातीचे लहान शंकू, गोळ्या, चकत्या मोजणीसाठी वापरत. पुढे असे नग मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मुद्रा उमटवू लागले. पण गोळा फोडल्याशिवाय आत किती नग आहेत ते कळत नसे, म्हणून काही गोळ्यांवर बाहेरून त्यांचे ठसे घेतलेले आढळतात. बाहेर ठसे आले की आतल्या नगांची गरज उरत नाही. यातूनच सपाट पाटी आली, असे पुरातत्त्वज्ञ डेनिस श्मांट-बेसेरा यांचे मत आहे. उरुक येथे इ.स.पू. ३३००च्या सुमारास सुरू झालेल्या पाट्यांत बहुतांश नोंदी जव, मेंढ्या, मजुरांचा शिधा यांच्या आहेत. देवांच्या कथा फार नंतर लिहिल्या गेल्या.

नोंद झाली, तरी ती कोणी बदलली तर? यावर युक्ती निघाली ती मातीच्या पाकिटाची. करारपाटीभोवती मातीचा पातळ थर देऊन त्यावर तोच मजकूर पुन्हा लिहीत आणि मुद्रा उमटवत. वाद झालाच, तर पाकीट फोडून आतला मजकूर पाहता येई.

उर येथील राजा उर-नम्मूच्या घराण्याची इ.स.पू. २१००च्या आसपासची कायदेसंहिता ही उपलब्ध संहितांपैकी सर्वांत जुनी. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची संहिता (इ.स.पू. सुमारे १७५५) मात्र अधिक पूर्ण स्वरूपात मिळाली. 'डोळ्याला डोळा' या शिक्षेमुळे ती गाजली असली, तरी व्यवहाराची कलमे जास्त बोलकी आहेत. व्यापाऱ्याने फिरत्या अडत्याला धान्य, लोकर किंवा तेल विकायला दिले, तर अडत्याने आलेली चांदी नोंदवून व्यापाऱ्याला पोचती करायची आणि तिची मुद्रांकित पावती घ्यायची. निष्काळजीपणे पावती घेतली नाही, तर ती चांदी हिशेबात धरली जात नसे. अडत्या प्रामाणिक असला तरी उपयोग नाही! दुसरे कलम कर्जदार शेतकऱ्याचे. पुराने किंवा पाण्याअभावी पीक बुडाले, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचे नाही, व्याजही नाही; त्याने आपली पाटी 'ओली' करायची. पाटी भिजवली की करार बदलता येई.

काळ्या दगडावर कोरलेली ही संहिता इ.स. १९०१-०२मध्ये इराणमधील सुसा येथे सापडली. त्या भागातील प्राचीन एलाम राज्याच्या राजाने ती लूट म्हणून तिथे नेली होती. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मात्र त्या काळच्या निवाड्यांच्या पाट्यांत या कलमांचा आधार घेतलेला जवळपास दिसत नाही. न्यायाधीश पाहत ते पाटी, साक्षीदार आणि देवासमोरची शपथ. त्यामुळे ही संहिता म्हणजे रोजच्या वापरातला कायदा नसून राजाच्या न्यायीपणाची जाहीर ग्वाही होती, असे अनेक अभ्यासक मानतात.