उशिरा मिळणाऱ्या बिलावरील व्याज: लघुउद्योगांसाठीच्या नियमांची पार्श्वभूमी

माल पोहोचला, बिल दिले, पण पैसे महिनोन्‌महिने आले नाहीत, या स्थितीत पुरवठादाराला व्याज मागण्याचा स्पष्ट वैधानिक हक्क भारतात तुलनेने अलीकडचा आहे. 1992 पूर्वी व्याज मागायचे असेल, तर ते करारात लिहिलेले असावे लागे किंवा दिवाणी न्यायालयात वस्तुविक्री कायदा, 1930 आणि व्याज कायदा, 1978 यांचा आधार घ्यावा लागे. त्यातही व्याज द्यायचे की नाही आणि किती दराने, हे बऱ्याच अंशी न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असे. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: बँकेकडून कर्ज काढण्यापेक्षा लहान पुरवठादाराचे पैसे थकवणे त्याला स्वस्त पडत होते.

हे गणित बदलण्यासाठी केंद्राने प्रथम अध्यादेश काढला आणि त्याची जागा 1993 च्या कायद्याने घेतली. तो लघु व पूरक उद्योगांना होणाऱ्या विलंबित देयकांवरील व्याजाचा कायदा होता आणि 23 सप्टेंबर 1992 पासून लागू मानला गेला. करारात मुदत नसेल तर माल स्वीकारल्यापासून 30 दिवसांत पैसे देणे त्याने बंधनकारक केले. मात्र करारात मुदत असेल तर तिला वरची मर्यादा नव्हती, आणि ही मोठीच फट होती, कारण खरेदी आदेशाचा मसुदा खरेदीदारच तयार करतो आणि लहान पुरवठादार त्यावर सही करतो. 1998 च्या दुरुस्तीने ठरलेली मुदत 120 दिवसांपेक्षा जास्त असू शकणार नाही असे सांगितले, स्टेट बँकेच्या प्रधान कर्जदराच्या दीडपट व्याज ठरवले आणि वाद सोडवण्यासाठी परिषदेची सोय केली.

आज लागू असलेले नियम 2 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहेत. या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त 45 दिवसांची, आणि करार नसेल तर 15 दिवसांची. कलम 16 प्रमाणे विलंबाच्या काळात रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते, आणि ‘व्याज देणार नाही’ असे कलम करारात घातले असले तरी ते या तरतुदीपुढे टिकत नाही. आदेशावर ‘90 दिवसांत पैसे’ असे छापलेले असले तरी 45 व्या दिवशी कायद्याची मुदत संपते.

व्याज बँक दराला बांधल्याचा एक परिणाम कायदा करताना कोणी फारसा विचारात घेतला असेल असे वाटत नाही. 2006 मध्ये बँक दर 6 टक्के होता आणि व्याज 18 टक्के होत होते. 13 फेब्रुवारी 2012 रोजी रिझर्व्ह बँकेने तांत्रिक जुळवणी म्हणून बँक दर एकदम 9.50 टक्क्यांवर नेला आणि थकबाकीदार खरेदीदाराचा दर एका दिवसात 28.5 टक्के झाला. उलट मे 2020 मध्ये बँक दर 4.25 टक्क्यांवर आला, तेव्हा हाच दर 12.75 टक्के राहिला. म्हणून दीर्घ थकबाकीचा हिशोब करताना एकच दर लावू नये. ज्या काळात जो बँक दर असेल त्याप्रमाणे तुकडे पाडूनच मागणी करावी.

एक उदाहरण पाहू. एका लघुउद्योगाने 1 मार्च 2024 रोजी 4,00,000 रुपयांचा माल पोहोचवला, चलनावर खरेदीदाराच्या भांडाराचा शिक्का आणि तारीख घेतली, आणि खरेदी आदेशात 90 दिवसांची मुदत होती. कायद्याची मुदत 15 एप्रिलला संपली, व्याज 16 एप्रिलपासून सुरू झाले. पैसे 15 ऑक्टोबर 2024 रोजी आले. या संपूर्ण काळात बँक दर 6.75 टक्के होता, म्हणजे व्याजाचा वार्षिक दर 20.25 टक्के आणि मासिक 1.6875 टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज 6,750 रुपये; ते मुद्दलात मिळवून पुढच्या महिन्याचे सुमारे 6,864; आणि सहा महिन्यांचे एकूण सुमारे 42,247 रुपये. साध्या व्याजाने ते 40,500 झाले असते. लेखी करारच नसता, तर मुदत 16 मार्चला संपून 17 मार्चपासून, म्हणजे जवळजवळ महिनाभर आधीपासून, व्याज धावू लागले असते.

या हिशोबातील सर्वांत नाजूक तारीख बिलाची नसून मालाच्या स्वीकृतीची आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर प्रत्यक्ष पोहोचवल्याचा दिवसच स्वीकृतीचा मानला जातो; हरकत घेतली, तर ती आपण दूर केल्याचा दिवस. व्याजाची मागणी पोहोचल्यावर पाच-सहा महिन्यांपूर्वीच्या मालातील दोष अचानक आठवणारे खरेदीदार असतात, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी तारखेचा शिक्का असलेले चलन हेच खरे हत्यार ठरते. फोनवरील तक्रार ही लेखी हरकत नव्हे, पण ईमेलने केलेली हरकत लेखीच समजून त्याच ठिकाणी तारखेनिशी उत्तर द्यावे.

वसुलीसाठी कलम 18 प्रमाणे राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाता येते. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास स्वतः लवाद बनते किंवा लवाद नेमते. समेट घडवणारीच परिषद लवाद कशी, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये फेटाळला. निकालासाठी कायद्यात 90 दिवस लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते अनेकदा पाळले जात नाहीत. तरी निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला कलम 19 प्रमाणे निवाड्यातील 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही तरतूद वेळकाढूपणाला बऱ्यापैकी आवर घालते.

करकायद्याची बाजू 2006 पासूनच होती, कारण असे व्याज खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम 43बी मध्ये नवे उपकलम घालून मुद्दलालाही हात घातला: 15 किंवा 45 दिवसांत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. वरील उदाहरणात मार्चमधील खरेदीचा खर्च खरेदीदाराला 2023-24 ऐवजी 2024-25 मध्ये धरावा लागला. व्याजाच्या नोटिशीने न हललेले काही लेखा विभाग या एका उपकलमाने हलले, हे मान्य करावे लागेल.

हा सगळा आधार सूक्ष्म व लघु उद्योगांनाच आहे. मध्यम उद्योग कायद्याच्या व्याख्येत ‘पुरवठादार’ ठरत नाहीत. नोंदणी कधीची, हा प्रश्नही निर्णायक आहे. करार व पुरवठा झाल्यावर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहारांना मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या एका पीठाने याविषयी वेगळे मत मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. त्यामुळे ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी उद्यम नोंदणी झालेली असावी आणि तिचा क्रमांक पहिल्या बिलापासून छापलेला असावा.