वितळवल्यावर सोनं किती घटतं?

जुन्या बांगड्या मोडायला नेल्या की दुकानदार दोन गोष्टी सांगतो: आजचा भाव आणि ‘वितळवण्याची घट’. भावाची घासाघीस आपण करतो, घट मात्र मुकाट्याने मान्य करतो. खरं तर ती पडताळता येते.

शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं, पण त्याची वाफ व्हायला अडीच हजार अंशांहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे मुशीत सोनं उडून जात नाही. जळतं ते वरचं: मळ, तेल, सांधे जोडणाऱ्या झाळेतलं जस्त किंवा कॅडमियम, थोडं तांबं. ठुशी किंवा वज्रटीकेत लाख भरलेली असेल, तर वजन बरंच उतरतं आणि ती घट खरी असते. भरीव बांगडीत मात्र ती अगदी थोडी असते. मुशीला किंवा वितळवताना वर टाकलेल्या सवागीत, म्हणजे टाकणखारात, सोन्याचे बारीक कण अडकू शकतात, म्हणून मूस समोर झटकून दाखवायला सांगावं.

मिनिटात कॅरेट सांगणारं क्ष-किरण यंत्र वरचे काही मायक्रॉनच वाचतं. आम्लात उजळलेल्या दागिन्याच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं, तिथे आकडा जास्त येतो. झाळेवर धरलं की कमी येतो. फोनवर मिळणारी किंमत तर न तपासताच काढलेली असते. म्हणून वितळवून एकजीव झालेल्या गोळ्याची शुद्धता आणि वजन, हेच धरायचे आकडे.

समजा, हिशेबाच्या सोयीसाठी 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये आहे आणि बांगड्या 20 ग्रॅमच्या आहेत. पहिला दुकानदार न वितळवता 91.6 टक्के शुद्धता धरतो आणि 5 टक्के घट कापतो: 1,74,040 रुपये. दुसरा समोर वितळवतो, गोळा 19.80 ग्रॅम भरतो, शुद्धता 91.5 टक्के येते, वर 2 टक्के सेवाशुल्क: सुमारे 1,77,550. तिसरा ‘कपात शून्य’ म्हणतो, त्याच्याकडेही गोळा तेवढाच भरतो, पण भाव 9,400 लावतो: सुमारे 1,70,300. फलकावर सगळ्यात आकर्षक दिसणारा हाच, आणि हातात सगळ्यात कमी देणाराही हाच. म्हणून टक्के बाजूला ठेवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: सगळं कापून खात्यात किती जमा होणार?

पाच टक्के घट मला सर्वात खटकते, कारण इथे प्रत्यक्ष घट एकच टक्का होती. वितळवलेल्या गोळ्याचंच वजन धरूनही कोणी ‘घट’ कापत असेल, तर ती दोनदा कापली जाते. हे स्पष्ट बोलून दाखवावं.

सहीच्या कागदावर तीन ओळी शोधाव्यात. भाव नेमका कुठल्या वेळचा? खडे काढल्यावरचं वजन वेगळं लिहिलंय का? आणि वितळवल्यावर किंमत पटली नाही तर गोळा परत मिळतो का, तपासणीचं शुल्क कोण भरतं? ही शेवटची ओळ वितळवण्याआधीच वाचावी. गोळा हातात आल्यावर बांगडीचा हॉलमार्क उरत नाही, आणि दुसऱ्या दुकानात पुन्हा तपासणीपासून सुरुवात होते.