घरदुरुस्तीसाठी गृहकर्जावर टॉप-अप घ्यावं की वेगळं पर्सनल लोन? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडची निम्मी कामं मार्च ते मे या तीन महिन्यांत येतात. गच्ची गळतेय, बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतात उतरतंय, त्यातच किचनचा ओटा आणि जुनं वायरिंगही उरकून टाकू म्हणतात, आणि सगळं पावसाच्या आत हवं असतं. कोटेशन हातात पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "बँकेतून टॉप-अपसाठी फोन येतोय, मोबाइलवर पर्सनल लोन आधीच मंजूर दिसतंय. घेऊ कुठलं?" टॉप-अप म्हणजे चालू गृहकर्जावरच, त्याच घराच्या तारणावर बँक देते ते वाढीव कर्ज.

आम्ही कर्ज मिळवून देत नाही आणि कुठल्याही बँकेकडून कमिशन घेत नाही. आमच्या दोन भागीदारांपैकी एक जण मात्र बारा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होता. ग्राहकांना तो टेबलावर बसून जे समजावतो, तेच इथे लिहून काढलं आहे.

एक घर, सहा लाखांचं काम

इंदिरानगरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट धरू. आजची किंमत साधारण ४५ लाख, गृहकर्ज १४ लाख शिल्लक आणि अजून १२ वर्षांचे हप्ते बाकी. वॉटरप्रूफिंग, दोन बाथरूम, किचन आणि वायरिंग मिळून आमचं कोटेशन ६ लाखांचं. बँक टॉप-अप ९ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, पर्सनल लोन १३ टक्क्यांनी मिळतंय. हे दर उदाहरणापुरते आहेत. तुमचा दर तुमच्या सिबिल स्कोअरवर, पगारावर आणि बँकेवर ठरेल.

९ आणि १३ समोरासमोर ठेवले की कुणीही टॉप-अपकडे बोट दाखवेल. पण बँकेचा माणूस टॉप-अपची मुदत बहुतेक वेळा गृहकर्जाच्या उरलेल्या मुदतीइतकीच लावून देतो, म्हणजे इथे १२ वर्षं. हप्ता येतो सुमारे ६,८३० रुपये. पर्सनल लोन चार वर्षांचं, त्याचा हप्ता सुमारे १६,१०० रुपये. टॉप-अपचा हप्ता ऐकून घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि सही होते.

आता व्याज बघा. पर्सनल लोनवर चार वर्षांत एकूण व्याज जातं सुमारे १ लाख ७३ हजार. टॉप-अपवर १२ वर्षांत जातं सुमारे ३ लाख ८३ हजार. दर चार टक्क्यांनी कमी असूनही व्याज दुपटीपेक्षा जास्त! शिवाय बाथरूमचा नळ आणि वॉटरप्रूफिंगचा थर यांचं आयुष्य काही १२ वर्षांचं नसतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करायची वेळ येते, तेव्हा आधीच्या कामाचे हप्ते चालूच असतात. असं घर आम्ही पाहिलं आहे. दुसऱ्या कामाचं कोटेशन द्यायला गेलो, तर पहिल्या कामाचं अर्धंअधिक कर्ज तसंच होतं.

याचा अर्थ टॉप-अप वाईट असा नाही. तेच टॉप-अप ९ टक्क्यांनीच, पण चार वर्षांच्या मुदतीचं घेतलं, तर हप्ता १४,९३० रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १७ हजार. पर्सनल लोनपेक्षा हप्ताही कमी आणि व्याज जवळजवळ ५६ हजारांनी कमी. म्हणून टॉप-अपचा फायदा उचलायचा असेल तर मुदत स्वतः मागून घ्या. अर्जावरचा मुदतीचा रकाना दुसऱ्याला भरू देऊ नका.

पंधरा हजारांचा हप्ता दर महिन्याला झेपेलच अशी खात्री नसेल, तर मधला रस्ता आहे आणि आम्हाला तोच जास्त आवडतो. मुदत लांब ठेवा, पण दर महिन्याला वरचे पैसे स्वतःहून भरत राहा. टॉप-अपसारख्या, व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हप्ता ६,८३० चा असताना एकूण १६,१०० भरत गेलात, तर ते १२ वर्षांचं टॉप-अप ४४ महिन्यांत संपतं. एखाद्या महिन्यात शाळेची फी आणि गाडीचा विमा एकत्र आला तर फक्त ६,८३० भरून मोकळे व्हा. पर्सनल लोनमध्ये ही सवलत नसते. फक्त जादा रक्कम भरताना बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. नाहीतर काही ठिकाणी उलटं होतं, म्हणजे हप्ता घटतो आणि मुदत जिथल्या तिथे राहते.

बदलता दर म्हणजे नेमकं काय

पर्सनल लोनचा दर बहुधा सुरुवातीला ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. टॉप-अपचा दर गृहकर्जासारखा बदलता असतो आणि बँकांच्या नव्या कर्जांत तो बहुधा रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्या दराला, बांधलेला असतो. हा रेपो दर मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा खाली आला. वर जाताना काय झालं ते ज्यांचं गृहकर्ज होतं त्यांना माहीत आहे. हप्ता फारसा हलला नाही, मुदत मात्र गुपचूप वाढली.

आपल्या उदाहरणात टॉप-अप घेतल्या घेतल्या दर ९ वरून साडेअकरा टक्के झाला आणि हप्ता ६,८३० चाच ठेवला, तर १२ वर्षांचं कर्ज १६ वर्षांचं होतं. चार वर्षांच्या मुदतीत हाच बदल एवढा झोंबत नाही, कारण मुद्दल भराभर उतरत असतं. मुदत लहान ठेवा असं आम्ही म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे.

धोका: घर गहाण आहे, हे विसरू नका

टॉप-अपला तारण तुमचंच घर असतं. हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खातं बुडीत वर्गात जातं. मग बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि त्यानंतर घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. पर्सनल लोनला असं तारण नसतं. ते थकलं तर सिबिल खराब होतो, वसुलीचे फोन येतात, दावाही होऊ शकतो, पण बँक थेट घरावर चालून येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. बुडीत ठरतो तो कर्जदार, एकटं खातं नाही. त्यामुळे गृहकर्ज आणि पर्सनल लोन एकाच बँकेत असेल आणि फक्त पर्सनल लोन थकलं, तरी त्या बँकेच्या लेखी तुमचं गृहकर्जही बुडीत वर्गात जातं, मग त्याचे हप्ते वेळेवर जात असोत. ज्यांची कमाई हंगामी आहे, म्हणजे द्राक्षाच्या बागेवर किंवा अंबड-सातपूरमधल्या कंत्राटी कामावर घर चालतं, त्यांना आम्ही सांगतो की पर्सनल लोन घ्यायचंच तर दुसऱ्या बँकेतून घ्या.

छोट्या कामाला टॉप-अप परवडत नाही

फक्त एक बाथरूम आणि थोडी रंगरंगोटी, दीड लाखाचं काम, दोन वर्षांत फेडायचं. १३ टक्क्यांनी एकूण व्याज सुमारे २१ हजार, ९ टक्क्यांनी साडेचौदा हजार. फरक साडेसहा हजारांचा. टॉप-अपसाठी मात्र घराचं मूल्यांकन, वकिलाचा कागदपत्रं तपासणीचा खर्च, प्रोसेसिंग फी आणि गहाणाच्या वाढीव रकमेवरचं मुद्रांक शुल्क द्यावं लागतं. त्यात तो फरक संपतो आणि दोन-तीन आठवडे जातात ते वेगळेच. अशा कामाला सरळ पर्सनल लोन घ्या, किंवा महिनाभर थांबून बचतीतून करा.

पर्सनल लोनमध्ये खर्च दुसऱ्या जागी लपलेला असतो. सहा लाखांवर २ टक्के प्रोसेसिंग फी म्हणजे १२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १४,१६० रुपये आधीच कापून बाकी रक्कम खात्यात येते. आम्हाला द्यायला तेवढे पैसे कमी पडतात! शिवाय ठरलेल्या दराचं पर्सनल लोन लवकर बंद करायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी शिल्लक रकमेवर दोन ते चार टक्के आकारतात.

दोन्ही प्रकारांत कर्जात मिसळून दिलेला विमा तपासा. एकरकमी हप्ता कर्जातच जोडतात आणि त्यावरही व्याज चालू होतं. तो घेणं सक्तीचं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने आणि फायनान्स कंपनीने प्रत्येक किरकोळ कर्जाआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद द्यायचा असतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी एकाच आकड्यात असते. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा, जाहिरातीतल्या दरावर नको.

टॉप-अप कधी अडतं

घराची किंमत आणि आधीचं कर्ज यांत जागा असावी लागते. आपल्या उदाहरणात १४ अधिक ६ म्हणजे २० लाख, घराच्या किमतीच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे अडचण नाही. मागच्या वर्षभरात हप्ते चुकलेले नसावेत. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या घरांना सिडकोचा ना-हरकत दाखला लागू शकतो, आणि वाढवलेला मजला मंजूर नकाशात नसेल तर मूल्यांकन करणारा तो हिशेबात धरत नाही. अर्ज करण्याआधीच हे बघून घ्या, कारण मे महिन्यात कळलं तर पाऊस थांबत नाही.

करातल्या सवलतीची फार आशा धरू नका. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला जास्तीत जास्त ३०,००० रुपयांची वजावट मिळते, तीही गृहकर्जाच्या व्याजाच्या २ लाखांच्या मर्यादेतच. नव्या करपद्धतीत ती नाही. पैसे दुरुस्तीलाच गेल्याची बिलं असली तर पर्सनल लोनच्या व्याजावरही ती मागता येते.

आमच्याकडून तुम्हाला काय मिळेल

ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने टॉप-अपचे पैसे नेमके कशावर खर्च होतात याकडे बँकांचं लक्ष वेधलं. तेव्हापासून आमच्या ग्राहकांकडे कामाचं अंदाजपत्रक आणि नंतर बिलं मागितली जाताना दिसतात. आम्ही लेटरहेडवर कामानुसार वेगळं अंदाजपत्रक देतो आणि तोडफोड, प्लंबिंग, फरशी, फिनिशिंग अशा टप्प्यांवर जीएसटीसह बिल देतो. बँक टप्प्याटप्प्याने पैसे द्यायला तयार असेल तर तसंच घ्या. पैसे खात्यात पडून राहिले तर व्याज चालू राहतं, आणि आमच्या अनुभवात ते पैसे टीव्ही नाहीतर सोफ्याकडे वळतात. अंदाजपत्रकात आम्ही दहा टक्के रक्कम वेगळी दाखवतो, कारण जुन्या भिंती फोडल्यावर आत काय निघेल ते आधी सांगता येत नाही. कर्जाची रक्कम ठरवताना ते दहा टक्के त्यातच धरा, म्हणजे फरशी अर्धी बसलेली असताना क्रेडिट कार्डाकडे धाव घ्यावी लागणार नाही.