व्हॅट आला कुठून? जर्मनीच्या उलाढाल कराची गोष्ट

इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करायची सोय, कशासाठी लागतं हे कळायला जर्मनीचं उदाहरण सगळ्यात बेस्ट आहे. तिथे 1918 साली युद्धाचा खर्च भागवायला उलाढाल कर आला, दर फक्त अर्धा टक्का, म्हणून कुणाला फारसं जाणवलं नाही. पण 1951 पर्यंत तो 4 टक्के झाला होता आणि माल जितक्या वेळा विकला जाईल तितक्या वेळा पूर्ण किमतीवर लागायचा.

आता हिशोब बघा. सूत 100 ला विकलं, त्याचं कापड 200 ला, शर्ट 300 ला, आणि दुकानदाराने तो 400 ला विकला. 4 टक्क्यांनी कर झाला 4, 8, 12 आणि 16, म्हणजे 40 (आधीचा कर पुढच्या किमतीत मिसळतो तो इथे धरलाच नाहीये, तो धरला तर आकडा अजून वाढतो). पण सूत, कापड, शिलाई सगळं एकाच मोठ्या मिलमध्ये होत असेल तर सुताची आणि कापडाची विक्रीच होत नाही, कर फक्त 12 अधिक 16, म्हणजे 28. शर्ट तोच, किंमत तीच, तरी छोट्या विणकरांच्या साखळीवर 12 जास्त! मग मोठ्या कंपन्या पुरवठादारांनाच विकत घ्यायला लागणार, त्यांना कर वाचवायचाय ना. छोट्यांवर हा सरळसरळ अन्याय होता आणि डिसेंबर 1966 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानेही ही असमानता मान्य केली, फक्त कायदा बदलायला सरकारला वेळ दिला.

निर्यातीत वेगळीच पंचाईत, मालात नक्की किती कर लपलाय हे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे परतावा सरासरी दराने, अंदाजे द्यायचे.

उपाय फ्रान्सकडे होता, मॉरिस लोरे या कर अधिकाऱ्याने 1954 मध्ये तिथे व्हॅट आणला होता. जर्मनीने 1 जानेवारी 1968 पासून तोच मार्ग धरला, सुरुवातीचा दर 10 टक्के. वरच्याच शर्टवर लावून बघा: सूतवाला 10 भरतो, कापडवाला 20 मधून बिलावरचे 10 वजा करून 10, पुढचे दोघेही 10-10. एकूण 40. आणि सगळं एका मिलमध्ये असेल तर मिल 30, दुकानदार 10, तरी 40च!

पण मधली एक कडी तुटली की गडबड. समजा कापडवाल्याला करमाफी दिली, तर त्याने सुतावर भरलेले 10 त्याच्याच गळ्यात राहतात, शर्टवाल्याला क्रेडिट मिळत नाही म्हणून तो पूर्ण 30 भरतो, दुकानदार 10, एकूण 50. माफी देऊन कर वाढला!

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 ला व्हॅट आला तेव्हाही अशी एक तुटलेली कडी राहिलीच होती. दुसऱ्या राज्यातून माल घेतला की त्यावर केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि त्याचा सेटऑफ, म्हणजे वजावट, इथे मिळायचा नाही, तो खर्चातच जायचा. ते 2017 च्या जीएसटीपर्यंत चाललं.